रागी, ज्वारी, बाजरी: फोटोतली कोणती?

प्रश्न: बंगळूरच्या मैत्रिणीनं रागी, ज्वारी आणि बाजरी अशी तिन्ही धान्यं आणि त्यांची पिठं पाठवली. डब्यांत ओतताना चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या. सहा वाट्यांचा फोटो जोडला आहे. कोणतं काय आहे? रागी म्हणजे नाचणीच ना? आणि कशाचं काय करायचं?

हो, रागी म्हणजे नाचणीच. रागी हा कानडी शब्द, तो पाकिटांवरून आपल्या दुकानांत आला. कोकणात नाचणी म्हणतात, नाशिककडे नागली. रागीला बाजरी समजणारे मला बरेच भेटलेत, बहुधा दोन्ही पिठं काळपट दिसतात म्हणून. मराठीत लिहिताना मी नाचणी किंवा नागलीच लिहितो, कारण घरच्या शब्दानं घोटाळा होत नाही.

आता फोटो. तुमच्याकडे पिवळा दिवा लागलेला दिसतोय, त्यामुळे रंगावर फार भिस्त ठेवू नका, आकार बघा. डावीकडच्या वाटीतले दाणे मोहरीएवढे, गोल आणि विटकरी आहेत. ही नाचणी. मधल्या वाटीतला दाणा तिन्हींत मोठा, गोलसर पण किंचित चपटा, मोत्यासारखा पांढुरका, आणि फोटो मोठा करून पाहिलात तर एका बाजूला बारीक काळसर ठिपका दिसेल. ती ज्वारी, म्हणजे आपला जोंधळा. दागिन्यांत जोंधळी मणी म्हणतात ते ह्याच दाण्यावरून. उजवीकडची बाजरी दिव्याखाली तपकिरी दिसतेय, एरवी ती हिरवट राखाडी असते. पण दाणा पाहा, पाण्याच्या थेंबासारखा, एक टोक निमुळतं. नाचणीच्या दाण्याला असं टोक कधीच नसतं.

पिठांत ज्वारीचं लगेच कळतं, ते पांढुरकं आहे. उरलेल्या दोन वाट्या मात्र फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि खिडकीपाशी उजेडात बघा. नाचणीचं पीठ कोरडं असताना फिकट, गुलाबीकडे झुकणारं असतं आणि त्यात साल दळल्यामुळे तांबूस कण दिसतात. ओलं झालं की ते गडद तपकिरी होतं. बाजरीचं ओलं होऊनही पाटीच्या रंगाकडेच राहतं, तांबूस होत नाही.

कशाचं काय करायचं हे पीठ किती चिकटतं यावर ठरतं. तिन्हींत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून भाकरी थापायची. त्यातल्या त्यात ज्वारी सर्वांत सोयीची. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी मिळाली तर भाकरी पांढरी आणि मऊ होते. कडेला चिरा पडायला लागल्या तर हात चुकला असं समजू नका, पिठाची विरी गेलेली असते, म्हणजे जुनं झाल्यानं ते धरून राहत नाही. पाकिटातल्या पिठाचं असं हमखास होतं. मग कढत पाण्यानं मळून बघा. तरीही जमलं नाही तर त्या पिठाचे धपाटे करा, त्यात थोडं बेसन आणि कणीक घातली की विरीची अडचण उरत नाही.

नाचणीच्या भाकरीला उकड काढणं चांगलं. एक वाटी पाण्याला मीठ घालून उकळी आणा, वाटीभर पीठ घाला, ढवळून गॅस बंद करा, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि कोमट असतानाच मळा. पण नाचणीचा खरा उपयोग आंबिलीला. त्यासाठी दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं आणि ते उकळत्या पाण्यात ओतायचं. कोरडं पीठ थेट आधणात टाकलंत तर गुठळ्या होतात, आणि त्या नंतर फोडून फुटत नाहीत. निवल्यावर ताक आणि मीठ.

बाजरीची भाकरी थंडीतली. भोगीला तीळ लावून करतात, सोबत लोण्याचा गोळा. तिच्याबाबत एकच काळजी घ्या. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे दळल्यावर पीठ लवकर कडवट होतं. मी आठवड्यापुरतंच दळून आणतो आणि उन्हाळ्यात तेही फ्रिजमध्ये ठेवतो. तुमचं पीठ बंगळूरहून येईपर्यंत किती दिवस झाले ठाऊक नाही, म्हणून मळायच्या आधी चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. मागाहून कडू चव आली तर भाजून किंवा गूळ घालून ती जात नाही. मग ते पीठ बाजूला ठेवा आणि वाटीतली बाजरीच दळून आणा, अख्खा दाणा टिकलेला असतो.