गरम फोनवर मोज
मोबाइल गेमच्या पोस्टमॉर्टेममध्ये नुसता सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, लिहू नकोस, खेळाच्या कितव्या मिनिटाला काय झालं ते लिही. आमचंच बघ. अंधेरीच्या एसी ऑफिसात गेम ६० एफपीएसवर पळायचा. लाँचला तीन आठवडे असताना टेस्टर लोकलमध्ये खेळत घरी गेला, तर बाराव्या मिनिटापासून झटके. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. शेडर हलके केले, पण खरा फरक पडला तो युनिटी इंजिनात एफपीएसला मर्यादा घातल्यावर:

```
Application.targetFrameRate = 30;
```

फ्रेमला १६.७ ऐवजी ३३.३ मिलिसेकंद मिळाले, फोनला मधे दम खाता आला आणि अर्ध्या तासानंतरही आकडा हलला नाही. आर्टवाले चिडले, ते सोड. मात्र दोन चाचण्यांमध्ये फोन पूर्ण थंड होऊ दे, नाहीतर दुसरीचे आकडे फुकट.