शाळेच्या गेटवरच्या व्हॅनबद्दल मुख्याध्यापकांना लिहिलेला मेल

प्रश्न : शाळा सुटताना गेटपाशी वारंवार धोकादायक प्रकार होतो. तोंडी दोनदा सांगून झालं. मुख्याध्यापकांना मेल कसा लिहू, म्हणजे भांडण वाटणार नाही आणि कामही होईल?

आमच्या शाळेतही सुटताना व्हॅन मुलांच्या गर्दीत रिव्हर्स घ्यायच्या. त्याबद्दलचा माझा पहिला मेल वायाच गेला. "रोज मुलांच्या जिवाशी खेळ चाललाय" असं रागाच्या भरात लिहिलं होतं. उत्तर आलं, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." पुढे काहीच नाही.

मग दोन आठवडे फोनमध्ये फक्त नोंदी केल्या: तारीख, वेळ, काय दिसलं. तेव्हा कळलं की "रोज" हे खरं नव्हतंच. दहा दिवसांत चारदा, आणि चारही वेळा मंगळवार नाहीतर गुरुवार. त्या दोन दिवशी लहान-मोठे सगळे वर्ग एकदम सुटतात. व्हॅन सरळ आत आलेल्या असतात, त्यामुळे बाहेर पडताना रिव्हर्स घ्यावाच लागतो, तोही नेमका मुलांच्या गर्दीत. पहिलीतलं मूल मागच्या काचेतून ड्रायव्हरला दिसतच नाही. म्हणजे दोष एकट्या ड्रायव्हरचा नव्हता.

दुसरा मेल साधारण असा होता:

"विषय : मंगळवार-गुरुवारी शाळा सुटताना गेटच्या आत व्हॅन रिव्हर्स घेणे

आदरणीय मॅडम,
माझी मुलगी दुसरीत आहे. ३, ५, १० आणि १२ तारखेला शाळा सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत व्हॅन मुलांच्या गर्दीत मागे येताना मी स्वतः पाहिल्या. १० तारखेला एका मुलाला वॉचमनकाकांनी हाताला धरून बाजूला ओढलं. कोणाला लागलं नाही.
एक सुचवते: व्हॅन घंटेआधीच रिव्हर्स घेऊन उभ्या केल्या, तर निघताना सरळ बाहेर पडतील. ते जमत नसेल, तर चालत जाणारी मुलं बाहेर पडेपर्यंत व्हॅन थांबवता येतील का?
यापैकी काय शक्य आहे, कोण बघणार आणि कधीपासून, हे येत्या शुक्रवारपर्यंत कळवाल का? पंधरा मिनिटं भेटायलाही येऊ शकते."

ऐकीव गोष्टी मी वगळल्या. कॅन्टीनची तक्रारही मनात होती, पण ती घातली असती तर उत्तर तिचंच आलं असतं, कारण ते सोपं. व्हॅनचे नंबर मेलमध्ये दिले नाहीत, विचारले तर द्यायला जवळ ठेवले. फोटोत इतरांची मुलं दिसत होती, म्हणून तेही जोडले नाहीत.

गुरुवारी उत्तर आलं, पुढच्या सोमवारपासून पहिला उपाय सुरू झाला. एक व्हॅन मात्र घंटा झाल्यावरच येते आणि अजूनही सरळ आत शिरते. तिच्या दोन तारखा लिहून त्याच मेलला रिप्लाय केलाय, नवीन मेल नाही; मागचं सगळं खाली आपोआप राहतं.