बाळंतपणाच्या क्लासमध्ये मिळालेल्या कागदावर ‘डोकेदुखी’ हेही धोक्याचं लक्षण लिहिलंय. आठवा महिना चालू आहे. एवढ्यासाठी खरंच रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठायचं का?

हो, गाठायचं. गोळी घेऊन, पाणी पिऊन, अंधारात पडूनही ते डोकं थांबत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच्या जोडीला डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील किंवा उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर गोळीचा गुण येतोय का हे बघायलाही थांबू नका.

माझ्याकडेही असाच कागद होता. सोनोग्राफीच्या रिपोर्टांमागे घडी घालून फाइलमध्ये पडलेला. मला 35 आठवडे झाले होते आणि घरी गौरी जेवायच्या होत्या. सकाळी अंगठी बोटात रुतली, निघेना. चेहराही आदल्या दिवसापेक्षा भरल्यासारखा दिसत होता. ‘दिवस भरत आले की सूज येतेच,’ असं सगळ्यांनी सांगितलं आणि मलाही ते पटलं. चारच्या सुमारास कपाळ ठणकायला लागलं. पॅरासिटामॉल घेतली. सहा वाजले तरी ठणका तसाच. मग बरगडीखाली उजवीकडे, पोट सुरू होतं तिथे, कुणीतरी आतून मूठ दाबून धरल्यासारखं दुखू लागलं आणि मळमळही सुरू झाली.

मोठ्या जाऊबाईंनी निदान करून टाकलं: जागरण, पुरण आणि तळण, पित्त झालंय. थंड दूध दिलं, आवळासुपारी दिली. पित्ताची गोळी मी स्वतः मागून घेतली. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं मला काही कारण नव्हतं, त्यांची दोन बाळंतपणं घरात झालेली.

गौरींपुढे दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. मला त्या लुकलुकताना दिसत होत्या. मी नवऱ्याला म्हटलं, ‘अहो, ती लुकलुक बंद करा ना, डोळ्यांना त्रास होतोय.’ ते म्हणाले, ‘माळ लुकलुकत नाहीये, नुसती लागलीये.’ मी डोळे मिटले, तरी ठिपके चमकतच होते. तेव्हा मला फाइल आठवली. कागदाच्या मागच्या बाजूला, रक्तस्राव आणि पाणी जाण्याच्या खाली, एक ओळ होती: न थांबणारी डोकेदुखी, नजरेत फरक, बरगडीखाली दुखणं. आम्ही नऊ वाजता निघालो. जाऊबाई दारात म्हणाल्या, ‘कागद वाचून माणूस आजारी पडतं.’

हॉस्पिटलात बीपी 170/112 निघालं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, 168/110. दहा दिवसांपूर्वी ते 130/84 होतं आणि ‘ठीक आहे’ म्हणून सोडलं होतं. सिस्टरनी लघवीत पट्टी बुडवली. पिवळा चौकोन बघता बघता गडद हिरवा झाला. तो डबीवरच्या रंगांशी लावून त्या म्हणाल्या, ‘प्रोटीन थ्री प्लस,’ आणि लगेच फोन उचलला. रक्तात प्लेटलेट 92 हजार होत्या, लिव्हरचे आकडे वाढलेले. मला जे पित्त वाटत होतं, ते लिव्हरला आलेल्या सुजेनं त्याच्यावरचं आवरण ताणलं गेल्याचं दुखणं होतं.

या आजाराला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. सुरुवात वारेपासून होते. वारेला रक्त नीट मिळत नाही, मग तिच्यातून असे पदार्थ आईच्या रक्तात उतरतात की सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. म्हणून बीपी वाढतं, मूत्रपिंडातून प्रोटीन गळतं, लिव्हर दुखतं आणि मेंदूला सूज येऊ लागली की डोकं ठणकतं, काजवे दिसतात. त्यापुढची पायरी म्हणजे झटके. ते येऊ नयेत म्हणून मला मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून दिलं. ते चढताना भट्टीपुढे बसल्यासारखं अंग आतून तापतं. मग सिस्टर दर तासाला गुडघ्यावर छोटी हातोडी मारायच्या, श्वास मोजायच्या, लघवी किती झाली ते बघायच्या. औषध जास्त झालं तर आधी गुडघ्याची उडी जाते, नंतर श्वास मंदावतो, म्हणून ही राखण.

आता जाऊबाईंचा मुद्दा. त्या आजही म्हणतात, ‘आणखी तीन आठवडे कळ काढली असती तर पोरगी भरली असती, उगाच सिझर झालं.’ मुलगी 1.9 किलोची झाली आणि सहा दिवस काचेत होती, हे खरं. पण हा आजार वाट बघून, मीठ तोडून, पडून राहून बरा होत नाही. बीपीची औषधं मेंदूत रक्तस्राव होऊ नये म्हणून असतात. आजार उतरायला लागतो तो वार बाहेर आल्यावर. 34 आठवड्यांच्या आत असतं तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देऊन थोडा वेळ काढता येतो का, हे डॉक्टरांनी बघितलं असतं. माझ्या प्लेटलेट पहाटे चारला 78 हजारांवर आल्या होत्या. पिशवीचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, कळा आणून मोकळं व्हायला किती तास लागले असते सांगता येत नव्हतं. तीन आठवडे सोडा, दुसऱ्या दिवसाची दुपारही हातात नव्हती. जाऊबाईंची दोन बाळंतपणं घरात सुखरूप झाली, कारण त्यांना हा आजार झाला नाही. त्यातून माझ्या पोटदुखीचं निदान होत नाही.

तुमच्या घरात बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दंड छातीच्या पातळीला ठेवा आणि मग मोजा. 140/90 किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. 160/110 आलं तर लगेच निघायचं, मग डोकं दुखत असो वा नसो. आणि आकडा चांगला दिसतोय पण काजवे दिसताहेत, तरी जायचं. घरचं मशीन चुकतं.

सूज मात्र एकटी फसवी असते. संध्याकाळी पाय सुजणं बहुतेकींना होतं. चेहरा आणि हात एकदम सुजले तर तपासून घ्या. पण सूज नाही म्हणून हा आजार नाही, असं समजू नका. उन्हात फिरून किंवा उपाशी राहून दुखलेलं डोकं खाऊन-झोपून थांबलं, तर त्यासाठी रात्री धावायची गरज नाही, पुढच्या तपासणीत सांगा. कागदावरच्या बाकीच्या ओळींबद्दल मी अधिकारानं बोलू शकत नाही, पण रक्त जाणं, पाणी जाणं आणि बाळाची हालचाल कमी होणं यांत घरी वाट बघण्यासारखं काही नाही, हे मला वॉर्डात शेजारच्या खाटांवर दिसलं.

निघताना फाइल आणि माता-बाल कार्ड घ्या, गाडी नसेल तर 108 लावा. दारात ‘आठवा महिना, डोकं थांबत नाही, काजवे दिसताहेत’ एवढंच सांगा. पित्त हा शब्द तुम्ही स्वतः उच्चारू नका. मी उच्चारला, तर तिथला पोरगेला डॉक्टर आधी पित्ताचंच इंजेक्शन शोधू लागला होता; बीपी मोजलं ते सिस्टरनी.

एक राहिलं. बाळंत झाल्यावर तो कागद टाकून देऊ नका. हे दुखणं प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतं, पहिल्या आठवड्यात जास्त. तेव्हा तुम्ही माहेरी असाल, जागरणं असतील, आणि डोकं दुखलं तर तुमची आईसुद्धा जागरणच म्हणेल. तिला हे आत्ताच वाचून दाखवा.