पॉकेट खोल लागलं म्हणून लगेच पेरिओ ठरवू नकोस

अरे, कोथरूडच्या क्लिनिकमधली माझी एक केस सांगतो. बाईंच्या खालच्या उजव्या पहिल्या दाढेजवळ हिरडी सुजलेली, दाबलं की हिरडीच्या कडेतून पू. मीही आधी पेरिओच धरलं होतं. मग प्रोब हळूहळू दाढेभोवती फिरवला तर सगळीकडे २-३ मिमी आणि गालाकडच्या एकाच अरुंद जागी एकदम ९. पेरिओचं पॉकेट सहसा रुंद असतं, खोली हळूहळू वाढत जाते आणि शेजारच्या दातांनाही थोडाफार त्रास असतोच, इथे बाकीचं तोंड स्वच्छ होतं.

मग कोल्ड टेस्ट. आधी डावीकडच्या त्याच दाढेवर कर, म्हणजे पेशंटला नॉर्मल कसं लागतं ते कळतं. डावीकडे लगेच हात वर, उजवीकडे काहीच नाही, म्हणजे पल्प मेलेला. पेरिओत पल्प बहुतेक जिवंत असतो. पण दाढेत एखादा कॅनॉल जिवंत राहिला तर टेस्ट फसवते, आणि नुकत्याच झालेल्या अ‍ॅब्सेसमध्ये एक्स-रे साफ दिसू शकतो, म्हणून एकाच टेस्टवर विसंबू नकोस.

शेवटी त्या पॉकेटात गटा पर्चा पॉइंट अलगद सरकवून आयओपीए काढला, पॉइंटचं टोक थेट मुळाच्या टोकाशी, म्हणजे पू हिरडीच्या आजाराचा नाही, मेलेल्या पल्पचा होता. आरसीटी केली, त्या अरुंद जागेत रूट प्लॅनिंग मुद्दाम टाळलं कारण मुळावरचे चांगले तंतू खरवडले जातात. तीन महिन्यांनी तिथेच ३ मिमी. आधीच आरसीटी झालेल्या दाताला असं अरुंद पॉकेट दिसलं तर मात्र उभ्या फ्रॅक्चरची शंका घे.