उंबऱ्यापाशी थांबा

तुमच्या कच्च्या कथेत मुलगा म्हाताऱ्या आईवडिलांच्या सोयीसाठी घर बदलून घेतोय. पण स्वयंपाकघर, जिना, बाथरूम सगळंच बदलतंय, त्यामुळे म्हातारा-म्हातारी नुसते बघे झालेत. एकच काम निवडा. माझ्या मते बाथरूमचा उंबरा. पाय अडखळू नये म्हणून तो काढतात, पण बाहेर येणारं पाणीही तोच अडवत असतो. म्हणून नुसता उंबरा फोडून भागत नाही. आतली जमीन उकरून मोरीच्या जाळीकडे मीटरला एक-दीड सेंटिमीटर उतार द्यावा लागतो, त्याखाली वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागतं. हे चुकलं की पाणी पॅसेजमध्ये येतं.

कथेचा ताण इथेच आहे. आजोबा मिस्त्रीला बादलीभर पाणी ओतून उतार दाखवायला लावतील. आजींना मात्र भिंतीतला आधाराचा दांडा नको असेल. दांडा जमिनीपासून साधारण ८० ते ९० सेंटिमीटरवर बसतो. पण मिस्त्री उंची विचारेल तेव्हा आजींनी स्वतः हात टेकवून दाखवायला हवा. त्यांचा होकार वाचकाला तिथेच कळतो. त्यानंतरचं ‘आपण म्हातारे झालो’ हे वाक्य काढून टाका.

प्रत्येक वस्तूपाशी जुनी आठवण आणू नका, गोष्ट तिथल्या तिथे घुटमळते. एकच ठेवा, तीही काम चालू असताना, दोन वाक्यांत. आणि मुलाला खलनायक करू नका. पैसे तो देतोय, घाईही त्यालाच आहे, एवढं पुरे.