बेसिनच्या नळाखालून गळती : नट आवळायचा की पाईप बदलायचा?

प्रश्न : काउंटरटॉप बेसिनच्या नळाखाली पाणी ठिबकतं. नट आवळून भागेल का? (सोलापूर)

आधी नट आवळून बघा. तरी ठिबकलं तर कनेक्शन पाईपच बदला. मात्र नट कुठला, ते महत्त्वाचं. नळाला काउंटरवर धरून ठेवणारा मोठा चेकनट पाणी अडवत नाही. पाणी अडवतो तो पाईपच्या नटातला रबरी वॉशर. सगळं कोरडं पुसून नळ बंद ठेवा आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळा. पाईपमध्ये दाब कायम असतो, त्यामुळे गळका जोड दहा मिनिटांत ओला दिसतो. नळ चालू असतानाच चेकनट ओला होत असेल, तर पाणी बहुधा वरून, नळाच्या बुडाच्या गॅस्केटमधून उतरतंय.

अँगल कॉक बंद करा, नट हाताने घट्ट करा आणि पान्याने फक्त पाव फेरा द्या. जास्त आवळलं की वॉशर चिरतो. इथे टेफ्लॉन टेपचा उपयोग नाही. आपल्याकडे बोअरच्या खाऱ्या पाण्याने आट्यांवर पांढरा थर बसतो. तो ब्रशने काढल्याशिवाय नवा वॉशरही नीट बसत नाही. पाईपच्या जाळीवर गंज किंवा फुगवटा असेल तर आवळत बसू नका. अर्धा इंची, जुन्याच लांबीचा पाईप आणा. ताणून बसवू नका.

अँगल कॉक पूर्ण बंद होत नसेल तर जोर लावू नका, भिंतीतला निपल तुटतो. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा.