साठ मुलं, एक फळा आणि बोटं

मोठ्या वर्गात मुलांनी एकमेकांकडून शिकावं असं वाटत असेल, तर नुसते गट पाडून ‘एकमेकांना शिकवा’ म्हणू नका. साठ मुलांत त्याचा नुसता गोंगाट होतो. सुरुवात एका नेमक्या प्रश्नाने करा, त्यावरच सगळी भिस्त आहे. फळ्यावर लिहा: सर्वांत मोठी संख्या कोणती? १) 0.3 २) 0.258 ३) 0.47.

यातला प्रत्येक चुकीचा पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे. ‘जास्त अंक म्हणजे मोठी संख्या’ असं मानणारं मूल 0.258 निवडतं. ‘दशांशात कमी अंक म्हणजे मोठी’ असं वाटणारं 0.3 निवडतं. मात्र इथे 0.6 आणि 0.45 दिलेत, तर हे दुसरं मूल चुकीच्या कारणाने बरोबर ठरेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

एक मिनिट शांतता. मग सगळ्यांनी एकदम, पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटं छातीशी धरून उत्तर दाखवायचं, म्हणजे शेजाऱ्याचं बघता येत नाही. साधारण एक तृतीयांशपेक्षा कमी बरोबर असतील तर चर्चा नको, पुन्हा शिकवा. बहुतेक बरोबर असतील तर पुढे चला. मधली स्थिती असेल तेव्हाच एकाआड एक रांग मागे वळवा आणि वेगळं उत्तर असलेल्याशी दोन मिनिटं बोलायला लावा. मग पुन्हा बोटं.

हुशार मूल नुसतं उत्तर सांगून मोकळं होतं. म्हणून नंतर कोणालाही उठवून विचारा, ‘तुझ्या जोडीदाराने काय कारण दिलं?’ ‘तीन बरोबर आहे म्हणाला’ एवढंच ऐकू आलं, तर शिकवणं झालेलंच नाही. ‘आधी दशांशस्थळ बघायचं, 4 दशांश सर्वांत जास्त’ असं आलं, तर झालं.

हा प्रकार अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1990च्या दशकात रुजवला. एका तासाला असे दोन प्रश्न पुरे.